तीन वर्षांचा खर्च एका पट्टीवर: कॉमन साइज स्टेटमेंट आणि ट्रेंड टक्केवारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लघुउद्योगांचे कर्जप्रस्ताव तयार करतो. बँकेत बसलेला माणूस तीन वर्षांचे हिशेब मागतोच, आणि पहिला प्रश्न हमखास येतो, "खर्च कुठे वाढलाय?" त्याचं उत्तर शोधताना मालक, अकाउंटंट आणि बी.कॉम.ची मुलं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच आहे: कोल्हापूरकडची, बिडाचे सुटे भाग ओतणारी एक मध्यम फाउंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात असे कारखाने भरपूर आहेत. आकडे मात्र समजायला सोपे जावेत म्हणून मी रचलेले आहेत, कुठल्या एका कारखान्याचे नाहीत.

कॉमन साइज आणि ट्रेंड टक्केवारी यांत नेमका फरक काय?

कॉमन साइजमध्ये तुम्ही एकाच वर्षाचा कागद वरून खाली वाचता. विक्री म्हणजे १०० धरायची आणि प्रत्येक खर्च त्या शंभरातला किती ते काढायचं. १,००० लाखांच्या विक्रीत वीज १२० लाख असेल तर वीज १२ टक्के.

ट्रेंडमध्ये एकच ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची. पहिल्या वर्षाची वीज म्हणजे १००, मग तिसऱ्या वर्षाची १६५ लाखांची वीज म्हणजे १३७.५. इथे विक्रीचा संबंधच नाही, वीज स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडली जाते.

पहिल्या पद्धतीतून रुपयातला वाटा कळतो, दुसरीतून वाढीचा वेग. दोन्ही कागद शेजारी ठेवले तरच काही हाती लागतं. नुसती कॉमन साइज पाहून निष्कर्ष काढणारे कसे फसतात ते विजेच्या प्रश्नात दिसेल.

तीन वर्षांचे आकडे कुठून घ्यायचे?

कंपनी असेल तर एका वार्षिक अहवालात दोनच वर्षं मिळतात, चालू आणि मागील. म्हणजे २०२२-२३ ते २०२४-२५ पाहायचं तर दोन अहवाल लागतात. २०२४-२५ च्या अहवालातून शेवटची दोन वर्षं घ्या, आणि २०२२-२३ साठी २०२३-२४ च्या अहवालातला मागील वर्षाचा रकाना घ्या. २०२२-२३ चा मूळ अहवाल उघडायचा मोह टाळा. पुढच्या वर्षी खात्यांची फेरमांडणी होते आणि मागच्या वर्षाचे आकडेही नव्या मांडणीत बसवून छापले जातात. जुना कागद धरला तर मांडणीतला बदल तुम्हाला खर्चातला बदल वाटेल.

कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ नुसार नफा-तोटा पत्रकाच्या तोंडावर वीज किंवा जॉबवर्क, म्हणजे बाहेरच्याकडून पैसे देऊन करून घेतलेलं काम, दिसत नाही. ते 'इतर खर्च' या एका ओळीत असतात आणि फोड मागे टिपणांत असते. त्यामुळे टिपणं उघडल्याशिवाय हे काम होत नाही. भागीदारी किंवा मालकीची फर्म असेल तर सरळ टॅलीतून खातेवार आकडे काढा.

भागायचं कशानं?

व्यवसायातल्या निव्वळ विक्रीनं, जीएसटी वगळून. ठेवींवरचं व्याज, जुनी गाडी विकून झालेला फायदा असलं इतर उत्पन्न विक्रीत मिसळू नका, कारण ते एका वर्षी येतं आणि पुढच्या वर्षी नसतं. मग सगळ्या खर्चांची टक्केवारी विनाकारण हलते.

एक्सेलमध्ये ४ थ्या ओळीत विक्री आणि B, C, D या रकान्यांत तीन वर्षं असतील, तर ५ व्या ओळीसाठी ही दोन सूत्रं पुरतात. पहिलं कॉमन साइजचं, दुसरं ट्रेंडचं:

```
=B5/B$4*100
=C5/$B5*100
```

डॉलरच्या खुणेची जागा नीट पाहा. पहिल्यात ओळ बांधलेली आहे, दुसऱ्यात रकाना. ही खूण चुकली की सूत्र खाली ओढल्यावर विक्रीऐवजी दुसऱ्याच खर्चानं भागाकार होतो, आणि आकडे इतके सभ्य दिसतात की चूक लक्षातही येत नाही. ताळा सोपा आहे: सगळे खर्च आणि नफा मिळून १०० यायलाच हवेत.

एक पूर्ण उदाहरण दाखवाल का?

हे तीन वर्षांचे आकडे, लाख रुपयांत:

| बाब | २०२२-२३ | २०२३-२४ | २०२४-२५ |
|---|---|---|---|
| विक्री | १,००० | १,१५० | १,२५० |
| कच्चा माल | ५२० | ६२१ | ६७५ |
| मशीनिंगचं जॉबवर्क | ११० | ९२ | ५० |
| वीज | १२० | १३८ | १६५ |
| पगार-मजुरी | १०० | ११५ | १३५ |
| इतर | ६० | ६९ | ७५ |
| घसारा-व्याजाआधीचा नफा | ९० | ११५ | १५० |
| घसारा | २० | ४० | ५६ |
| व्याज | २५ | ३८ | ५४ |
| करपूर्व नफा | ४५ | ३७ | ४० |

आणि हेच आकडे विक्रीच्या टक्क्यांत. शेवटच्या रकान्यात २०२४-२५ चा ट्रेंड आहे, २०२२-२३ म्हणजे १०० धरून:

| बाब | २०२२-२३ | २०२३-२४ | २०२४-२५ | ट्रेंड |
|---|---|---|---|---|
| विक्री | १०० | १०० | १०० | १२५ |
| कच्चा माल | ५२.० | ५४.० | ५४.० | १३० |
| जॉबवर्क | ११.० | ८.० | ४.० | ४५ |
| वीज | १२.० | १२.० | १३.२ | १३८ |
| पगार-मजुरी | १०.० | १०.० | १०.८ | १३५ |
| इतर | ६.० | ६.० | ६.० | १२५ |
| घसारा-व्याजाआधीचा नफा | ९.० | १०.० | १२.० | १६७ |
| घसारा | २.० | ३.५ | ४.५ | २८० |
| व्याज | २.५ | ३.३ | ४.३ | २१६ |
| करपूर्व नफा | ४.५ | ३.२ | ३.२ | ८९ |

वाचताना आधी विक्रीचा ट्रेंड पाहायचा, १२५. मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: ही १२५ च्या वर आहे की खाली? 'इतर' बरोबर १२५ वर आहे, ती विक्रीबरोबर चालली, तिला सोडून द्या. जॉबवर्क ४५ वर कोसळलंय. घसारा २८० आणि व्याज २१६. वीज आणि पगार विक्रीच्या थोडे पुढे. खर्चाची रचना कुठे हलली ते या चार-पाच ओळींतच आहे, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

मार्जिन वाढलं, तरी नफा घटला. असं कसं?

अशा कारखान्याचा मालक समोर बसला की संवाद साधारण असा होतो.

"साहेब, मार्जिन नऊवरून बारावर नेलंय. बाहेर मशीनिंगला माल द्यायचो, आता स्वतःची सीएनसी आणि व्हीएमसी मशीन घातलीत."

"मग करपूर्व नफा पंचेचाळीसवरून चाळीसवर का आला?"

"ते घसारा-व्याज आहे हो, ते काय, कागदावरचं."

व्याज तर कागदावरचं नाहीच, दर महिन्याला खात्यातून जातं. आणि घसारा म्हणजे मशीनची किंमत वर्षावर्षांत वाटलेली. जॉबवर्क बाहेर होतं तेव्हा समोरच्याच्या मशीनची झीज आणि त्याच्या कर्जाचं व्याज त्याच्या दरातच धरलेलं होतं आणि ते जॉबवर्कच्या ओळीत दिसायचं. मशीन घरात आल्यावर तोच खर्च ओळ बदलून खाली सरकला. 'घसारा-व्याजाआधीचा नफा' ही रेघ नेमकी या दोन जागांच्या मध्ये आहे. म्हणून खर्च रेघेच्या वरून खाली गेला की मार्जिन आपोआप फुगतं, मग एक पैसा वाचो न वाचो.

आता खरंच वाचलं का ते मोजू. पहिल्या वर्षी १,००० टन माल गेला, म्हणजे जॉबवर्क किलोला ११ रुपये पडलं. तिसऱ्या वर्षी १,०६० टन गेला असं धरू. जुन्याच दरानं बाहेर केलं असतं तर सुमारे ११७ लाख लागले असते. प्रत्यक्षात ५० लागले, वाचले ६७. घसारा पहिल्या वर्षापेक्षा ३६ लाखांनी वाढला आणि व्याज २९ लाखांनी, मिळून ६५. वाचलेलं जवळजवळ सगळं तिथेच संपलं, आणि मशीनवर उभ्या राहणाऱ्या ऑपरेटरचा पगार आणि मशीनची वीज अजून धरलेलीच नाही.

यावरून मशीन घेणं चुकलं असं लगेच म्हणू नका. वाढलेल्या व्याजातलं काही कॅश क्रेडिटचं, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाचं असेल, ते वेगळं काढावं लागतं. दुसरं, घसाऱ्याची पद्धत पाहा. कंपनी कायद्याच्या शेड्यूल २ मध्ये सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं धरलंय. एक कोटीच्या मशीनवर, शेवटी ५ टक्के किंमत उरेल असं धरून, सरळ रेषेच्या पद्धतीनं वर्षाला ६.३३ लाख घसारा येतो, घटत्या शिल्लक पद्धतीनं पहिल्या पूर्ण वर्षी १८.१ लाख. मशीन तेच, पण टक्केवारी तिपटीनं वेगळी. घटत्या शिल्लकेत सुरुवातीची वर्षं जड जातात आणि पुढे ओझं उतरतं. त्यामुळे दोन कारखान्यांची कॉमन साइज शेजारी ठेवण्याआधी हिशेब-धोरणाचं टिपण वाचा.

वीज दोन वर्षं १२ टक्क्यांवरच होती. म्हणजे २०२३-२४ मध्ये सगळं ठीक?

नाही, आणि ही फसगत मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

कॉमन साइजमध्ये भाजक विक्री असतो, आणि विक्री दोन कारणांनी वाढते: जास्त माल गेला किंवा भाव वाढला. २०२३-२४ मध्ये विक्री १५ टक्क्यांनी वाढली, पण समजा माल १,००० टनांवरून १,०३० टनच झाला. बाकी सगळी वाढ भावाची. वीज मात्र भट्टीत किती धातू वितळवला त्यावर लागते, तो किती भावानं विकला त्यावर नाही. माल ३ टक्के वाढला आणि वीजबिल १५ टक्के. किलोमागे वीज १२ रुपयांवरून १३.४० वर गेली, आणि टक्केवारीत त्याचा मागमूसही नाही, कारण भाजकही तेवढाच फुगला. तिसऱ्या वर्षी ती १५.५७ झाली तेव्हा कुठे १३.२ टक्के दिसले आणि मालकाचं लक्ष गेलं.

म्हणून टनांची एक ओळ कॉमन साइजच्या खाली हातानं जोडा. टनांचा ट्रेंड १००, १०३, १०६. वीज १००, ११५, १३८. या दोन ओळींतलं अंतर म्हणजे तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर दर वाढला यात असेल, नवीन मशीनमध्ये असेल, किंवा ओतकामात रिजेक्शन वाढून तोच धातू दोनदा वितळवला जात असेल. वीजबिलावरची युनिटं टनांनी भागा. टनामागे युनिटं तेवढीच असतील तर दराचा मामला, वाढली असतील तर कारण कारखान्यात आहे.

कच्चा माल ५२ वरून ५४ टक्के झाला. खरेदी महागात पडली का?

असेलही, पण आधी एक साधा हिशेब करून पाहा. फाउंड्रीच्या बऱ्याच ग्राहकांशी असा करार असतो की पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भाव बदलला की तेवढाच फरक दरात मिळतो, वर नफा नाही. पहिल्या वर्षाच्या आकड्यांत फक्त धातू १० टक्क्यांनी महाग झाला असं धरा. कच्चा माल ५२० चा ५७२ झाला, विक्रीही ५२ नं वाढून १,०५२ झाली. बाकी एक रुपयाही हलला नाही. तरी कच्चा माल ५४.४ टक्के दिसतो, पगार १० वरून ९.५ वर "सुधारतो" आणि नफा ४.५ वरून ४.३ वर "घसरतो". रुपयांत नफा तोच, ४५ लाख.

धातू, तेलबिया, साखर, सोनं अशा कुठल्याही धंद्यात, जिथे मालाचा भाव सरळ विक्रीत उतरतो, तिथे विक्रीतून कच्चा माल वजा करा आणि उरलेल्या रकमेला १०० धरून दुसरी कॉमन साइज काढा. आपल्या उदाहरणात ती रक्कम ४८०, ५२९ आणि ५७५ लाख आहे. तिच्याशी ताडलं तर पगार २०.८, २१.७ आणि २३.५ टक्के येतो. विक्रीच्या टक्क्यांत पहिली दोन वर्षं १० वर गोठलेला पगार इथे दर वर्षी चढताना दिसतो.

खर्चाची रचना बदलली याचा धोका आकड्यात सांगता येतो का?

येतो, आणि बँकेला खरं तर हेच हवं असतं. जॉबवर्क माल असेल तरच लागतं. ऑर्डर थांबली की तो खर्चही थांबतो. मशीनचा हप्ता आणि ऑपरेटरचा पगार ऑर्डर थांबली तरी चालूच राहतो.

पगार, घसारा, व्याज आणि 'इतर'मधला निम्मा भाग स्थिर धरू, बाकी बदलता. ही वाटणी ढोबळ आहे. वीजबिलातही मागणी आकार असतोच, तो युनिटं न वापरताही लागतो. तरी दिशा कळते. पहिल्या वर्षी स्थिर खर्च १७५ लाख, आणि विक्रीच्या प्रत्येक शंभरातून बदलता खर्च जाऊन २२ रुपये उरतात. म्हणजे ना नफा ना तोटा गाठायला साधारण ७९५ लाखांची विक्री पुरेशी. तिसऱ्या वर्षी स्थिर खर्च २८२.५ लाख, शंभरातून उरतात २५.८० रुपये, आणि तो बिंदू जातो सुमारे १,०९५ लाखांवर.

पहिल्या वर्षी विक्री २० टक्के पडली तरी कारखाना तोट्यात गेला नसता. आता १२ टक्क्यांवरच तोटा सुरू होतो. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या फाउंड्रीला एका मंद तिमाहीत १२ टक्के घट काही अनोखी नाही. उलट बाजूही खरी आहे: विक्री वाढली तर प्रत्येक जादा शंभरामागे पूर्वीपेक्षा ३.८० रुपये जास्त उरतील.

ट्रेंड २८० दिसला की घाबरायचं का?

मूळ रक्कम पाहा. ५० हजारांचा जाहिरात खर्च दोन लाख झाला की ट्रेंड ४०० येतो आणि त्यानं काहीही बिघडत नाही. ट्रेंड मोठा आणि कॉमन साइजमध्येही वाटा एक टक्क्याहून जास्त हलला, असं दोन्ही असेल तरच मी त्या ओळीवर वेळ घालवतो. ही माझी सवय आहे, नियम नाही. घसारा या दोन्ही चाळण्यांतून वर राहतो: ट्रेंड २८० आणि वाटा २ वरून ४.५.

बोलताना एक काळजी घ्या. जॉबवर्क ११ वरून ४ टक्क्यांवर आलं ही ७ टक्के-बिंदूंची घट आहे. "सात टक्के घटलं" म्हटलंत तर ऐकणारा ११० लाखांचे १०२ झाले असं समजेल.

पहिलं वर्ष आधार म्हणून कधी घेऊ नये?

ते वर्ष विचित्र असेल तेव्हा. २०२०-२१ आधार धरलेले कितीतरी ट्रेंड मी पाहिले आहेत. त्या वर्षाची सुरुवातच लॉकडाउनमध्ये झाली, त्यामुळे पुढचं सगळं १५०, १८० असं भरभराटीचं दिसतं. संप, आग, भट्टी बंद असण्याचे महिने, सहा महिन्यांचंच पहिलं वर्ष, या सगळ्यांना हेच लागू. आणि आधारवर्षी तोटा असेल तर नफ्याच्या ओळीचा ट्रेंड काढूच नका. उणे आकड्याला १०० धरून आलेल्या टक्केवारीला अर्थ नसतो, तिथे रुपयेच लिहा.

खर्च बदलला नाही, फक्त कागद बदलला, असं होतं का?

बरेचदा. कारखान्यात कंत्राटी कामगार असतात. त्यांचं बिल एका वर्षी 'पगार-मजुरी'त आणि पुढच्या वर्षी 'इतर खर्चा'त गेलं की एक ओळ पडते, दुसरी चढते. दोन्ही बदल जवळपास सारख्या रकमेचे आणि उलट दिशेचे असतील तर आधी हाच संशय घ्या आणि लेजर उघडा.

मोठं उदाहरण इंड-एएस ११६ चं. १ एप्रिल २०१९ पासून हे मानक लागू झालं आणि भाड्याच्या जागेवर चालणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं बरंचसं भाडं 'इतर खर्चा'तून उठून घसारा आणि व्याजात गेलं. दुकानांच्या साखळ्या आणि मल्टिप्लेक्स यांचं घसारा-व्याजाआधीचं मार्जिन एका वर्षात उसळलेलं दिसतं, घरमालकाला जाणारा चेक मात्र तोच होता. आपल्या फाउंड्रीत खर्च जसा रेघेखाली सरकला तसंच हे, फक्त इथे मशीनसुद्धा आलं नाही.

ताळेबंदाचीही कॉमन साइज काढावी का?

इथे काढा, एवढ्यासाठी की वरची गोष्ट पडताळता येते. एकूण मालमत्ता १०० धरली की यंत्रसामग्रीचा वाटा आणि समोरच्या बाजूला मुदत कर्जाचा वाटा एकाच वर्षी वाढलेले दिसले पाहिजेत. व्याज वाढलंय पण मुदत कर्ज वाढलेलं नाही, आणि कॅश क्रेडिट व येणी फुगलीत, असं दिसलं तर व्याजाचं कारण मशीन नसून ग्राहकांकडे अडकलेले पैसे आहे.

हे सगळं काढून झाल्यावर मालकाला काय विचारायचं?

या फाउंड्रीच्या बाबतीत माझे प्रश्न तीनच असतील. नवीन मशीन दिवसाला किती तास चालतात? अजून जे ५० लाखांचं जॉबवर्क बाहेर जातं, ते आपल्या मशीनवर बसत नाही म्हणून, की शिफ्टला माणूस नाही म्हणून? आणि मुदत कर्जाचे किती हप्ते उरलेत? मशीन एकाच शिफ्टला चालत असेल आणि शेजारच्या शेडला अजून जॉबवर्कची गाडी जात असेल, तर दुसऱ्या शिफ्टसाठी दोन ऑपरेटर मिळवणं हे नवीन कर्जप्रस्तावाआधीचं काम आहे.